आठऐवजी सात: मोठ्या मॅट्रिक्सच्या गुणाकारात वाचवलेला एक गुणाकार

मॅट्रिक्सचा गुणाकार आता आणखी वेगाने करता येईल, अशा अर्थाची बातमी अधूनमधून येत असते. २०२४ मध्येही ती आली. मॅट्रिक्सचा आकार वाढला की या गुणाकाराचा खर्च त्या आकाराच्या ज्या घाताने वाढतो, तो घातांक गणिती कमी करत आणत आहेत आणि त्या वर्षी तो २.३७१४ च्या किंचित खाली गेला. बातमी खरी असली तरी तिच्यावरून होणारा समज मात्र चुकीचा असतो. या विक्रमी पद्धतींचा लाभ इतक्या अवाढव्य आकारांना सुरू होतो, की तेवढी मॅट्रिक्स कोणत्याही संगणकाच्या स्मृतीत मावणार नाही. साध्या पद्धतीला मागे टाकून प्रत्यक्षात चालणारी जी पद्धत आहे, तिला बातमीमूल्य उरलेले नाही, कारण ती १९६९ सालची आहे. फोल्कर श्ट्रासेन या जर्मन गणितज्ञाने ती अवघ्या तीन पानांच्या शोधनिबंधात मांडली.

मॅट्रिक्सचा गुणाकार शाळेत ज्या रीतीने शिकवतात, त्या रीतीचा खर्च आधी मोजू. A आणि B या दोन n × n आकाराच्या मॅट्रिक्स आहेत असे धरा. उत्तरातील प्रत्येक संख्येसाठी A ची एक आडवी ओळ आणि B चा एक स्तंभ घेऊन n गुणाकार आणि n−1 बेरजा कराव्या लागतात. उत्तरात अशा n² संख्या असल्यामुळे एकूण क्रिया 2n³ − n² इतक्या होतात. मोठ्या n साठी यातील घनाचे पदच महत्त्वाचे ठरते आणि म्हणून आकार दुप्पट केला की काम जवळजवळ आठपट होते.

आता प्रत्येक मॅट्रिक्सचे मधोमध उभे आणि आडवे छेद घेऊन चार खंड करू. १००० × १००० च्या मॅट्रिक्सचे ५०० × ५०० चे चार खंड होतील. या खंडांना संख्यांप्रमाणेच वागवता येते, म्हणजे 2 × 2 मॅट्रिक्सचे सूत्र खंडांनाही जसेच्या तसे लागू पडते:

```
C11 = A11*B11 + A12*B21
C12 = A11*B12 + A12*B22
C21 = A21*B11 + A22*B21
C22 = A21*B12 + A22*B22
```

येथे खंडांचे आठ गुणाकार आणि चार बेरजा आहेत. नुसते खंड पाडल्याने काहीही वाचत नाही, कारण अर्ध्या आकाराच्या एका गुणाकाराला मूळ कामाचा आठवा हिस्सा लागतो आणि असे गुणाकार आठच आहेत. बचत व्हायची असेल तर या आठांपैकी एखादा तरी गुणाकार टाळता आला पाहिजे. श्ट्रासेनने दाखवले की पुढील सात पुरेसे आहेत:

```
M1 = (A11 + A22) * (B11 + B22)
M2 = (A21 + A22) * B11
M3 = A11 * (B12 - B22)
M4 = A22 * (B21 - B11)
M5 = (A11 + A12) * B22
M6 = (A21 - A11) * (B11 + B12)
M7 = (A12 - A22) * (B21 + B22)

C11 = M1 + M4 - M5 + M7
C12 = M3 + M5
C21 = M2 + M4
C22 = M1 - M2 + M3 + M6
```

खंडांच्या जागी साध्या संख्या घालून हे तपासता येते. A च्या ओळी (2, 5) आणि (1, 3), तर B च्या ओळी (4, 1) आणि (6, 7) घेऊ. शाळेतल्या रीतीने उत्तराच्या ओळी (38, 37) आणि (22, 22) येतात. श्ट्रासेनचे सात गुणाकार क्रमाने 55, 16, −12, 6, 49, −5 आणि 26 असे येतात. आता C11 म्हणजे 55 + 6 − 49 + 26 = 38, C12 म्हणजे −12 + 49 = 37, C21 म्हणजे 16 + 6 = 22 आणि C22 म्हणजे 55 − 16 − 12 − 5 = 22. चारही उत्तरे जुळतात.

हे जुळते कसे, ते सर्वांत सोप्या ओळीवरून, म्हणजे C12 वरून समजते. M3 उलगडला की A11·B12 − A11·B22 मिळते आणि M5 उलगडला की A11·B22 + A12·B22 मिळते. दोन्हींत A11·B22 हे नको असलेले पद आहे, पण विरुद्ध चिन्हांनी असल्यामुळे बेरजेत ते नाहीसे होते आणि नेमके हवे ते उरते. एका जागेसाठी दोनाच्या बदल्यात दोनच गुणाकार केले, तर मिळवले काय, असा प्रश्न येथे पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे, की M3 पुन्हा C22 मध्ये आणि M5 पुन्हा C11 मध्ये कामी येतो. मूळ सूत्रातला प्रत्येक गुणाकार एकदाच वापरला जात होता. येथे पहिले पाच गुणाकार प्रत्येकी दोन ठिकाणी वापरले जातात. नको असलेली पदे मुद्दाम निर्माण करून ती एकमेकांत कापायची, आणि त्यातून एकाच गुणाकाराकडून दोन जागांचे काम करून घ्यायचे, हा या रचनेचा गाभा आहे आणि मला तो आजही विलक्षण वाटतो.

या सूत्रांत आणखी एक गोष्ट आहे, जिच्यावाचून सगळाच डोलारा कोसळला असता. प्रत्येक गुणाकारात A चे खंड डावीकडे आणि B चे खंड उजवीकडे आहेत. कोठेही त्यांची अदलाबदल केलेली नाही. मॅट्रिक्सच्या बाबतीत A·B आणि B·A ही सामान्यतः वेगवेगळी असतात, त्यामुळे अदलाबदलीवर अवलंबून असलेली युक्ती संख्यांना चालली तरी खंडांना चालत नाही. श्ट्रासेनची सूत्रे खंडांना चालतात, म्हणूनच खंडाच्या गुणाकारासाठी पुन्हा तीच रीत वापरता येते, त्याचेही खंड पाडता येतात आणि हे असेच आत आत नेता येते. प्रत्येक पायरीवर आठाऐवजी सात, म्हणून आकार दुप्पट झाला की काम सातपट होते आणि घातांक ३ वरून सुमारे २.८०७ वर येतो. सातांचे सहा करता येतील का, हा प्रश्नही लवकरच निकाली निघाला: दोन-दोन खंडांच्या विभागणीत सातांपेक्षा कमी गुणाकारांत भागत नाही, हे १९७१ मध्ये सिद्ध झाले.

जाता जाता एक गोष्ट सांगणे भाग आहे. आपल्याकडे वैदिक गणिताच्या नावाखाली शिकवली जाणारी ऊर्ध्वतिर्यक पद्धत संगणकाचा गुणाकारही वेगवान करते, असे दावे आवडीने केले जातात. त्या पद्धतीत कागदावरचे लिखाण कमी होते, हे खरे. पण दोन n-अंकी संख्यांसाठी अंकांचे n² गुणाकार तिच्यातही पूर्णच करावे लागतात. मांडणी आटोपशीर होणे आणि गुणाकार प्रत्यक्षात कमी होणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

वाचलेल्या गुणाकाराची किंमत मात्र मोजावी लागते. वरच्या सूत्रांतील अधिक-उण्याची चिन्हे मोजली तर ती अठरा भरतात; साध्या खंडपद्धतीत ती चारच होती. (पुढे विनोग्राड या गणितज्ञाने अठरांची पंधरा केली.) सौदा फायद्याचा केव्हा ठरतो, ते पाहू. खंडाचा आकार m असेल तर एका गुणाकाराला 2m³ − m² क्रिया आणि एका बेरजेला m² क्रिया लागतात. एकदाच खंड पाडून श्ट्रासेनची रीत वापरली तर एकूण 14m³ + 11m² क्रिया होतात, तर साध्या रीतीने 16m³ − 4m². दोन्ही समान होतात ते m = 7.5 असताना. त्याहून लहान खंडांसाठी तोटा आहे; m = 8 झाला, म्हणजे 16 × 16 च्या मॅट्रिक्सला, ७९३६ ऐवजी ७८७२ क्रिया पुरतात. एवढ्याशा फायद्यासाठी कोणी ही उठाठेव करणार नाही, पण m वाढत गेला की बचत साडेबारा टक्क्यांकडे सरकते.

यातूनच पुढे निघते, की खंड पाडत पाडत थेट एकेका संख्येपर्यंत जाणे शहाणपणाचे नाही. 1024 × 1024 च्या मॅट्रिक्सला साध्या रीतीने सुमारे २१५ कोटी क्रिया लागतात. श्ट्रासेनची रीत एका संख्येपर्यंत नेली तर त्या सुमारे १९७ कोटी होतात, म्हणजे एवढा खटाटोप करून बचत जेमतेम आठ टक्के, कारण शेवटच्या पायऱ्यांवर बेरजाच सगळे खाऊन टाकतात. याउलट 8 × 8 चा खंड हाती आल्यावर थांबून पुढचे काम साध्या रीतीने केले, तर सुमारे ११० कोटींत भागते. सूत्रे तीच असूनही, कोठे थांबलो एवढ्याच फरकाने खर्च जवळजवळ निम्मा होतो.

प्रत्यक्ष संगणकावर थांबण्याची जागा ८ नसते. ती शेकड्यांत आणि कित्येकदा हजारांत असते. वरचा हिशेब सगळ्या क्रिया सारख्या किमतीच्या धरतो आणि तेथेच तो फसवा ठरतो. १००० × १००० च्या दोन खंडांची बेरीज म्हणजे दहा लाख क्रिया, पण त्यांसाठी तीस लाख संख्यांची स्मृतीतून ने-आण करावी लागते. त्याच खंडांच्या गुणाकाराला तेवढ्याच संख्या लागतात आणि क्रिया मात्र सुमारे दोनशे कोटी होतात, त्यामुळे एकदा जवळच्या वेगवान स्मृतीत आणलेली संख्या पुन्हा पुन्हा वापरता येते. बेरजेच्या वेळी प्रोसेसर संख्यांची वाट पाहत बसतो आणि गुणाकाराच्या वेळी तो भरपूर राबतो. त्यातून सात मधली उत्तरे ठेवायला जादा जागा लागते आणि आकार विषम असेल तर एखादी ओळ व स्तंभ बाजूला काढून वेगळा हाताळावा लागतो. म्हणून व्यवहारात ही रीत बहुधा एक-दोन पायऱ्यांपुरतीच वापरतात. दोन पायऱ्यांत गुणाकारांचे काम ४९/६४ वर येते; म्हणजे २३ टक्क्यांची बचत ही कमाल मर्यादा झाली आणि हाती येते ती तिच्याहून कमीच.

दुसरी किंमत अचूकतेची आहे. जी पदे एकमेकांत कापली जातात, ती संगणकाच्या मर्यादित अंकांत नेमकी कापली जातीलच असे नाही. A11 = 1, A12 = 0, B12 = 0.003 आणि B22 = 10000000 घ्या, आणि आठच सार्थ अंक ठेवणारे यंत्र आहे असे समजा. C12 चे खरे उत्तर 0.003 आहे आणि साधी रीत ते बिनचूक देते. श्ट्रासेनच्या रीतीत B12 − B22 हे −9999999.997 येते, आठ अंकांत त्याचे −10000000 होते, M5 येतो 10000000 आणि बेरीज होते शून्य. लहान संख्या पूर्णपणे गिळली गेली. सारे घटक साधारण एकाच मापाचे असतील तर असे घडत नाही, कारण या रीतीतली चूक मॅट्रिक्समधल्या सर्वांत मोठ्या घटकांच्या मानाने लहानच राहते. लहान घटकांची हमी मात्र मिळत नाही. म्हणून ज्या ओळींत किंवा स्तंभांत मापांची तफावत मोठी आहे, तेथील काही लहान घटक साध्या रीतीने पुन्हा काढून ताडून पाहावे, किंवा ओळी आणि स्तंभ आधीच योग्य संख्यांनी गुणून एका मापात आणावे.

जेथे अंक पूर्णांकित करण्याचा प्रश्नच येत नाही, तेथे ही दुसरी किंमत शून्य होते. एखाद्या मूळ संख्येने भागून उरणाऱ्या बाक्यांचे गणित, किंवा फक्त ० आणि १ यांचे, 1 + 1 = 0 मानणारे गणित, नेहमी बिनचूकच असते. अशा शून्य-एकच्या मोठ्या मॅट्रिक्ससाठी वापरली जाणारी M4RI ही संगणकीय लायब्ररी वरच्या पायऱ्यांवर श्ट्रासेनची, विनोग्राडने सुधारलेली रीत लावते आणि खंड पुरेसे लहान झाले की दुसऱ्या पद्धतीकडे वळते.