‘सर्व–काही’ आणि ‘काही–सर्व’: एका जोडीतून निष्कर्ष निघतो, दुसरीतून का नाही?

स्पर्धा परीक्षांच्या तर्कक्षमतेच्या भागात पुढच्यासारख्या दोन जोड्या हमखास भेटतात. दोन्हींत एक ‘सर्व’ आणि एक ‘काही’ असते, शब्दही तेच असतात. म्हणून दोन्हींचे उत्तर एकाच पद्धतीने काढले जाते आणि पहिल्या जोडीत गुण जातो.

पहिली जोडी: सर्व बर्फ्या गोड आहेत. काही गोड पदार्थ संत्र्याचे आहेत.
निष्कर्ष: काही बर्फ्या संत्र्याच्या आहेत.

दुसरी जोडी: काही बर्फ्या संत्र्याच्या आहेत. सर्व संत्र्याचे पदार्थ गोड आहेत.
निष्कर्ष: काही बर्फ्या गोड आहेत.

नागपूरकराला पहिला निष्कर्ष वाचताच पटतो, कारण बर्डीवर मिठाईच्या दुकानात संत्रा बर्फी समोरच मांडलेली असते. पण प्रश्न तो नाही. दिलेली दोन विधाने सोडून जगातले काहीही ठाऊक नसते, तरी हा निष्कर्ष मानावाच लागला असता का, एवढेच विचारलेले असते. निष्कर्ष खरा असूनही विधानांतून निघत नाही, असे होऊ शकते. उलट संत्र्याचे सगळे पदार्थ गोड नसतात हे माहीत असले, तरी दुसऱ्या जोडीत ते विधान जसेच्या तसे धरायचे असते.

आता आकृती. एकमेकांवर चढलेली तीन वर्तुळे काढा: ब म्हणजे बर्फ्या, ग म्हणजे गोड पदार्थ, स म्हणजे संत्र्याचे पदार्थ. वर्तुळांच्या आत सात कप्पे होतात. कप्पा रिकामा आहे हे नक्की असेल तर त्यात रेघा मारायच्या, आणि त्यात निदान एक वस्तू आहे हे नक्की असेल तर फुली. कोऱ्या कप्प्याबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही. ‘कोरा म्हणजे रिकामा’ असे वाचले की पुढचे सगळे बिघडते. आणि एक क्रम पाळायचा: आधी ‘सर्व’ आणि ‘एकही नाही’ या विधानांच्या रेघा, मगच ‘काही’ची फुली.

पहिली जोडी घेऊ. ‘सर्व बर्फ्या गोड आहेत’ म्हणजे ग च्या बाहेर ब चा एकही भाग उरत नाही. तिथे दोन कप्पे आहेत, एक फक्त ब चा आणि दुसरा ब व स यांचा पण ग च्या बाहेरचा. दोन्हींवर रेघा. आता ‘काही गोड पदार्थ संत्र्याचे आहेत’ याची फुली ग आणि स जिथे एकमेकांवर चढतात तिथे हवी. पण त्या भागातही दोन कप्पे आहेत, एक ब च्या आत आणि एक ब च्या बाहेर, आणि दोन्ही कोरे आहेत. फुली कोणत्या कप्प्यात, हे विधाने सांगत नाहीत. म्हणून ती ब च्या वर्तुळाच्या रेषेवर काढावी लागते. संत्र्याचा तो गोड पदार्थ बर्फी असेल किंवा सरबत असेल. रेषेवरची फुली निष्कर्षाला आधार देत नाही, म्हणून ‘काही बर्फ्या संत्र्याच्या आहेत’ हे निघत नाही.

दुसऱ्या जोडीत ‘सर्व संत्र्याचे पदार्थ गोड आहेत’ या विधानामुळे ग च्या बाहेरचे स चे दोन्ही कप्पे रेघांनी भरतात. मग ब आणि स जिथे एकमेकांवर चढतात तिथे फुली काढायला जा. तिथल्या दोन कप्प्यांपैकी ग च्या बाहेरचा आधीच बंद झालेला असतो. फुलीला एकच जागा उरते, तिन्ही वर्तुळांच्या मधला कप्पा. तो ब मध्येही आहे आणि ग मध्येही, म्हणून ‘काही बर्फ्या गोड आहेत’ हे निश्चित. आधी फुली आणि मग रेघा असा क्रम घेतला असता, तर इथेही फुली रेषेवर गेली असती आणि नंतर ती आत सरकवायला हमखास विसरतो.

फरक पडतो तो दोन्ही विधानांना जोडणाऱ्या पदामुळे. पहिल्या जोडीत ते पद ‘गोड’ आहे, पण कोणत्याच विधानात ‘सर्व गोड पदार्थां’बद्दल काही म्हटलेले नाही. बर्फ्या गोड पदार्थांच्या एका भागात आणि संत्र्याचे पदार्थ दुसऱ्या भागात असू शकतात, दोघांची गाठ पडलीच पाहिजे असे नाही. दुसऱ्या जोडीत जोडणारे पद ‘संत्र्याचे’ आहे आणि ते सगळेच्या सगळे ‘गोड’मध्ये गेले आहे, त्यामुळे त्यातली बर्फी सुटू शकत नाही.

क्लासमध्ये बहुतेक वेळा रेघा-फुलीऐवजी आत-बाहेर वर्तुळे काढून दाखवतात: ब चे छोटे वर्तुळ ग च्या पोटात आणि स चे वर्तुळ ग ला कापून जाणारे. ती खरे तर ऑयलरची पद्धत आहे. वर वापरलेली पद्धत जॉन वेनने 1880 मध्ये मांडलेल्या आकृतीवर आधारलेली आहे. ऑयलरची वर्तुळे झटपट काढता येतात, पण एका चित्रात एकच शक्यता दिसते. स चे वर्तुळ हाताच्या सवयीने ब लाही कापून गेले की निष्कर्ष ‘दिसतो’ आणि उत्तर चुकते. ही वर्तुळे वापरायचीच असतील, तर निष्कर्ष खोटा पाडणारे चित्र मुद्दाम काढून बघा. पहिल्या जोडीत स ला ब पासून दूर ठेवा, दुसरीत ग ला ब पासून दूर ठेवा. तरीही दोन्ही विधाने खरी राहतात का? पहिल्या जोडीत राहतात, दुसरीत राहत नाहीत.

‘एकही नाही’ आले तरी पद्धत तीच. काही बर्फ्या संत्र्याच्या आहेत, एकही संत्र्याचा पदार्थ तळलेला नाही. ग च्या जागी तळलेल्या पदार्थांचे त हे वर्तुळ घ्या. स आणि त यांच्या सामाईक भागावर रेघा आल्या की फुली ब आणि स मध्ये पण त च्या बाहेर पडते. म्हणून ‘काही बर्फ्या तळलेल्या नाहीत’ निश्चित. ‘एकही बर्फी तळलेली नाही’ मात्र निघत नाही, कारण ब आणि त मधला, स च्या बाहेरचा कप्पा कोराच आहे. ‘काही तळलेले पदार्थ बर्फ्या नाहीत’ हेही निघत नाही. ‘काही नाहीत’चे विधान उलटे फिरवता येत नाही, आणि हा पर्याय प्रश्नात बहुधा त्यासाठीच पेरलेला असतो.

पहिल्या जोडीखाली कधी दोन निष्कर्ष देतात: ‘काही बर्फ्या संत्र्याच्या आहेत’ आणि ‘एकही बर्फी संत्र्याची नाही’. दोन्ही एकेकटे निघत नाहीत, पण दोन्ही एकदम खोटे असू शकत नाहीत. तिथे उत्तर ‘एकतर पहिला किंवा दुसरा’ असे येते. दोन्ही निष्कर्षांत पदे तीच असतील, तरच हे चालते. आणि ‘सर्व संत्र्याचे पदार्थ बर्फ्या असण्याची शक्यता आहे’ असे विचारले, तर आकृतीत त्याला अडवणारे काही आहे का एवढेच बघायचे. पहिल्या जोडीत अडवणारे काही नाही, म्हणून शक्यता मान्य.

एका ठिकाणी वेनची आकृती आणि परीक्षेचा रिवाज वेगळे होतात. ‘सर्व बर्फ्या गोड आहेत’ या एकाच विधानावरून ‘काही गोड पदार्थ बर्फ्या आहेत’ म्हणता येते का? वेनच्या आकृतीत फक्त रेघा येतात, फुली येत नाही, म्हणून नाही. परीक्षेत मात्र विधानात आलेला प्रत्येक गट रिकामा नाही असे गृहीत धरतात आणि हा निष्कर्ष मान्य करतात. तेव्हा रेघा मारून झाल्यावर एखाद्या वर्तुळात एकच कप्पा कोरा उरला असेल, तर त्यात फुली काढा. दोन किंवा जास्त कप्पे उरले असतील, तर ती फुली त्यांच्यामधल्या रेषेवर जाते.