एकशे पस्तीस चमचे

कणकुंबीकडे पाऊस लागला की ओढ्यांचं पाणी लाल होतं, विहिरी गढूळ होतात आणि थोड्याच दिवसांत खानापूर तालुक्यातल्या वाड्यांवरून जुलाब लागलेली पोरं दवाखान्यात यायला लागतात. तशीच आलेली एक मुलगी घेऊ. वय चौदा महिने, वजन ९ किलो. आदल्या संध्याकाळपासून सात वेळा पाण्यासारखे जुलाब, दोन उलट्या. घरात आशाताईंनी दिलेलं ओआरएसचं पाकीट होतं, पण ते रात्रीच बंद झालं होतं. आजीचं म्हणणं साधं होतं : "दिलं की पोरगी आणखीच हगते. मग कशाला द्यायचं?"

आजीचं निरीक्षण खोटं नाही. ओआरएसनं जुलाब थांबत नाहीत. ते त्याचं कामच नाही. अंगातून जेवढं पाणी आणि मीठ गेलं तेवढं परत भरणं, एवढंच त्याचं काम. जुलाब आपल्या गतीनं काही दिवसांत थांबतात आणि तोवर मूल सुकू द्यायचं नसतं. त्यामुळे ओआरएस चालू ठेवायचं की बंद करायचं, हे जुलाब थांबले का यावर ठरत नाही.

नुसतं पाणी का चालत नाही? आतड्याच्या अस्तरात सोडियम आत घेणारं एक दार असतं. सत्यनारायणाच्या पूजेला जोडप्यानं बसावं लागतं, तसा या दाराचा नियम आहे : सोडियमबरोबर ग्लुकोज असेल तरच दोघांना प्रवेश. ही जोडी आत गेली की पाणी तिच्या मागोमाग जातं. जुलाबात आतड्याचे बाकीचे मार्ग बिघडले तरी हे दार बहुतेक वेळा शाबूत राहतं, आणि ओआरएसची सगळी करामत त्यावरच उभी आहे. १९७१ साली आजच्या बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या लोंढ्यात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महलानबीस यांनी पटकीच्या रुग्णांना मीठ-ग्लुकोजचं पाणी तोंडानं पाजून वाचवलं ते याच दारातून.

पण प्रमाण बिघडलं की हेच पाणी उलटतं. आजी मोठ्या पाकिटातली चिमूटभर पूड दर वेळी पेल्यात टाकत होत्या. पाकिटातली पूड एकसारखी मिसळलेली नसते. एका चिमटीत मीठ जास्त येतं, दुसरीत साखर. पाणी फार घट्ट झालं तर आतडं अंगातलं पाणी स्वतःकडे ओढून घेतं, जुलाब वाढतात आणि रक्तातलं मीठ चढतं. म्हणून पाकीट एकदाच, पूर्ण ओतायचं. त्यावर शब्द कुठल्याही भाषेत असोत, आकडा पाहा : १००० मिली असेल तर एक लिटर पाणी, २०० मिली असेल तर तेवढंच. घरातला तांब्या म्हणजे लिटर नव्हे. पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली हे सगळ्यांत खात्रीचं माप. पाणी आधी उकळून गार करायचं, पूड टाकल्यावर उकळायचं नाही, आणि २४ तासांनी उरलेलं फेकून द्यायचं. दुकानातली गोड फळांच्या चवीची पेयं ओआरएसच्या जागी चालत नाहीत. त्यांत साखर फार आणि मीठ थोडं असतं.

आता मुलीकडे वळू. ती सारखी किरकिरत होती, डोळे खोल गेले होते, पाण्याची वाटी दिसली की झडप घालत होती. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच न बसता सावकाश जागेवर जात होती. यांपैकी दोन खुणा असल्या तरी मूल सुकायला लागलंय असं धरतात. अशा मुलाला पहिले चार तास दवाखान्यातच, डोळ्यांसमोर पाजायचं. माप वजनावर ठरतं : किलोमागे ७५ मिली. नऊ पंचाहत्तरे सहाशे पंचाहत्तर. चार तासांत ६७५ मिली.

एवढंसं पोर पाऊण लिटरच्या जवळ कसं पिणार, असं आईला वाटलं. पेल्यानं पाजलं तर ते उलटीतून बाहेर येणारच. चमच्यानं पाजलं तर हिशेब असा : ५ मिलीचे १३५ चमचे, २४० मिनिटांत. म्हणजे पावणेदोन मिनिटांना एक चमचा. (घरातले चमचे लहानमोठे असतात. औषधाच्या बाटलीच्या मापाच्या टोपणातून एकदा ५ मिली मोजून बघावं.) आई बाकड्यावर बसली, आजींनी वाटी धरली. तिसाव्या चमच्याच्या आसपास उलटी झाली. अशा वेळी दहा मिनिटं थांबायचं आणि मग आणखी सावकाश, दोन-तीन मिनिटांनी एक चमचा, असं पुन्हा सुरू करायचं. उलटी झाली म्हणून सोडायचं नाही. अंगावरचं दूध मध्ये मध्ये चालूच. पापण्या सुजल्यासारख्या दिसल्या तर मात्र ओआरएस थांबवून दूध किंवा साधं पाणी द्यायचं.

चार तासांनी मुलगी शांत झाली, शू झाली, डोळे भरले. जुलाब चालूच होते! आजींनी माझ्याकडे "बघा, मी म्हटलं नव्हतं?" अशा नजरेनं पाहिलं. पण इथून पुढचं माप सोपं असतं : जितके जुलाब, तितक्या वेळा. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, म्हणजे चहाचा अर्धा ते एक छोटा कप. दोन वर्षांपुढच्याला १०० ते २०० मिली. मऊ भात, वरण, केळं, नेहमीचं खाणं द्यायचं. उपाशी ठेवायचं नाही.

ओआरएसची ताकद कुठे संपते हेही आजींना सांगितलं. मूल गळून गेलं, पिऊच शकत नाही, चिमटीतली कातडी दोन सेकंदांहून जास्त उभी राहते, तर सलाइनच लागतं. शीमध्ये रक्त दिसलं, ताप चढला किंवा प्यायलेलं सगळंच उलटून पडायला लागलं, तरी घरी थांबायचं नाही. दोन महिन्यांखालचं बाळ आणि हाडकुळं, अतिकुपोषित मूल यांना तर थेट दवाखान्यातच न्यायचं. त्यांची मापं वेगळी असतात.

राहिलं झिंक. जुलाबातून शरीरातलं झिंक वाहून जातं, आणि आतड्याचं सोललेलं अस्तर नव्यानं बनायला तेच लागतं. सहा महिने ते पाच वर्षं वयाला रोज २० मिलीग्रॅमची एक गोळी, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, असं १४ दिवस. गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात मिनिटभरात विरघळते. ती ओआरएसच्या बाटलीत टाकायची नाही. चव धातूसारखी लागते, त्यामुळे मूल तोंड वाकडं करतं. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर पुन्हा एक द्यायची.

पाचव्या दिवशी मुलीला साधी शी झाली आणि उरलेल्या नऊ गोळ्या देवळीत गेल्या. आशाताई भेटीला आल्या तेव्हा त्यांनी पट्टीच मागितली. "आज्जी, जुलाब थांबले म्हणून गोळी थांबवायची न्हाई. आतडं अजून भरायचं आहे." चौदा दिवस पुरे झाले तर पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब लागायची शक्यता कमी होते. आषाढात सुरू केलेल्या गोळ्यांचा फायदा म्हणजे पाऊस ओसरेपर्यंत पुरतो. आजींनी पट्टी देवळीतून काढून चहाच्या डब्याला रबरानं बांधली, सकाळी हात तिथेच जातो म्हणून.