हलत नाही म्हणजे कोमाच?

"पेशंट हलत नाही, हाकेला ओ देत नाही. म्हणजे कोमाच ना? त्याला काय कळतंय!"

कदाचित सगळं कळत असेल. मेंदूच्या देठातल्या 'पॉन्स'चा पुढचा भाग, बहुधा बॅसिलर धमनीत गुठळी अडकून, निकामी झाला की हातपाय, चेहरा आणि जिभेकडे जाणाऱ्या आज्ञा तिथेच तुटतात. जागं ठेवणारी यंत्रणा मात्र पॉन्सच्या मागच्या भागात आणि त्याच्या वर असते, ती वाचते. याला लॉक्ड-इन सिंड्रोम म्हणतात.

फसगत तपासणीत होते. "हात दाबा" म्हटलं तर दाबणार कसा? डोळे आडवे फिरवणारी केंद्रंही पॉन्समध्येच. वर-खाली नजर पॉन्सच्या वरच्या मध्यमेंदूतून चालते, म्हणून पापण्या उचलून धरून "वर बघा, आता खाली" असं सांगायला हवं. सुरुवातीचे काही दिवस खरी बेशुद्धीही असू शकते, तेव्हा ही तपासणी पुन्हापुन्हा करावी.

मग खूण ठरते: वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही. आधी उत्तर माहीत असलेले प्रश्न विचारायचे, कारण नजर आपोआपही हलू शकते. पुढे अक्षरं. आपली वर्णमाला यासाठी आयतीच ओळींत मांडलेली आहे: "क-ओळ? च-ओळ? ट-ओळ? त-ओळ? प-ओळ?" नजर वर. "प?" पुन्हा वर. मग काना. पुढचं अक्षर 'ण' निघालं, की पाणी हवंय का ते सरळ विचारावं.