भरतीची ‘मरती’ कशी होते?

सिंधुदुर्गातील आमच्या बंदरात खाडीच्या मुखाशी गाळ साचलेला असल्यामुळे मोठ्या होड्यांना भरतीची वेळ साधूनच आत-बाहेर करावे लागते. म्हणून नारळी पौर्णिमेनंतर हंगाम सुरू झाला, की महिन्याभराच्या भरती-ओहोटीच्या वेळा आणि बंदराच्या सूचना अशी तीन पानी वर्ड फाइल तयार करून ती एका लांब चित्राच्या रूपात सर्वांच्या फोनवर पाठवण्याचे काम माझ्याकडे असते. पहिल्या वर्षी मी ते चित्र पाठवले, तेव्हा होडी चालवणाऱ्या एका वयस्कर तांडेलांनी फोन माझ्यापुढे धरून विचारले, “मास्तरांनू, ह्यां भरती आसा की मरती?” मी पाहिले, तर खरोखरच सांगता येत नव्हते. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे तक्त्यातील ३ आणि ६ हे आकडेही एकसारखे दिसत होते. भरती आणि ओहोटी यांच्यात साधारण सव्वासहा तासांचे अंतर असते. तीन वाजताची भरती कोणी सहाची समजला, तर भरतीने चढलेले निम्मे पाणी तोवर ओसरलेले असेल.

अशा वेळी बहुतेक जण एकच उपाय सुचवतात आणि मीही तोच आधी केला: चित्र अधिक डीपीआयने, म्हणजे दर इंचाला अधिक ठिपके ठेवून काढायचे. दीडशेऐवजी तीनशे, तीनशेऐवजी सहाशे. फाइल प्रचंड मोठी झाली आणि तांडेलांच्या फोनवर पोहोचलेले चित्र मात्र पूर्वीइतकेच धूसर होते. असे का व्हावे, हे साध्या त्रैराशिकाने कळते.

निरोप पाठवण्याची अ‍ॅपे फोटो जसाच्या तसा पुढे पाठवत नाहीत. डेटा वाचावा म्हणून ती फोटो आकसतात आणि आकसताना त्याच्या लांब बाजूला मर्यादा घालतात. साध्या दर्जात ही मर्यादा साधारण १६०० पिक्सेल धरून चालू. समुद्रकिनाऱ्याच्या फोटोला हे पुरते, कारण त्याची लांबी आणि रुंदी यांत फार फरक नसतो. आपले चित्र मात्र ए-४ आकाराची तीन पाने एकाखाली एक जोडून बनलेले आहे, म्हणजे २१० मिलिमीटर रुंद आणि ८९१ मिलिमीटर उंच. उंची १६०० पिक्सेलवर आणली, की त्याच प्रमाणात रुंदी ३७७ पिक्सेल उरते. या हिशेबात डीपीआय कोठेच येत नाही. मूळ चित्र दीडशेचे असो वा सहाशेचे, पलीकडे पोहोचते ती रुंदी ३७७ पिक्सेलच. मग १०८० पिक्सेल रुंदीचा फोन ते चित्र जवळजवळ तिपटीने ताणून दाखवतो.

आता या ३७७ पिक्सेलांत देवनागरीचे काय होते, ते जवळून पाहू, कारण सगळी मेख येथेच आहे. ए-४ पानाची रुंदी छापखान्याच्या मापात ५९५ पॉइंट असते. म्हणजे एका पॉइंटाच्या वाट्याला ०.६३ पिक्सेल येतो आणि १२ पॉइंटाचे अक्षर साडेसात पिक्सेलांत बसते. शिरोरेषेची जाडी फॉन्टनुसार बदलते. ती अक्षराच्या मापाचा सोळावा भाग आहे, असे समजू. तसे असेल, तर शिरोरेषेच्या वाट्याला जेमतेम अर्धा पिक्सेल येतो.

अर्धा पिक्सेल काळा करता येत नाही. पिक्सेल हा चित्राचा सर्वांत लहान चौकोन असून त्याला एकच रंग असतो. म्हणून चित्र आकसणारी पद्धत त्या चौकोनात येणाऱ्या काळ्या आणि पांढऱ्या भागांची सरासरी काढते आणि तो चौकोन राखाडी रंगवते. अर्ध्या पिक्सेलाची रेषा पिक्सेलांच्या एकाच ओळीत पडली, तर ती ओळ निम्मी राखाडी होते. दोन ओळींच्या सीमेवर पडली, तर दोन्ही ओळी पाव-पाव राखाडी होतात आणि डोळ्याला रेषेऐवजी फिकट पट्टा दिसतो. मजकुराच्या दोन ओळींमधले अंतर पूर्ण पिक्सेलांत मावतेच असे नाही. त्यामुळे एका ओळीची शिरोरेषा गडद, पुढच्या ओळीची पुसट आणि त्यापुढची पुन्हा गडद, असा प्रकार दिसतो. तो दिसला, की चित्र बहुधा वाटेत आकसले गेले आहे असे समजावे.

रेषा फिकट झाली तरी माणूस सवयीने वाचून घेतो. खरा घात रेषेतील फटीचा होतो. भ आणि म ही अक्षरे शेजारी लिहून पाहा. म ची शिरोरेषा अखंड असते. भ च्या शिरोरेषेत एक छोटी फट असते आणि डावीकडे एक बारीक वळसा असतो. ध आणि घ यांचेही तसेच आहे. ही फट अक्षराच्या मापाचा दहावा भाग धरली, तर साडेसात पिक्सेलांच्या अक्षरात ती पाऊण पिक्सेलाची होते. त्या पिक्सेलात दोन्ही बाजूंच्या रेषांचा अंश मिसळतो, शेजारची रेषा तर आधीच राखाडी झालेली असते, आणि राखाडीत राखाडी मिळून फट बुजते. ३ डावीकडे उघडा असतो आणि ६ उजवीकडे, पण ती उघडी तोंडे बुजली की दोन्ही आकड्यांची सारखीच गाठ उरते. अनुस्वाराचा ठिपकाही एका पिक्सेलाहून लहान झाल्यामुळे ‘होड्यांना’ आणि ‘होड्याना’ यांत भेद राहत नाही. रोमन लिपीतही बारकावे असतात, परंतु तेथे अक्षरे एका रेषेला टांगलेली नसतात आणि शब्दाचा अर्थ त्या रेषेतील फटीवर अवलंबून नसतो. म्हणून इंग्रजी मजकूर ज्या मापात तग धरतो, त्या मापात मराठी मजकूर आधी कोसळतो. यात फॉन्टचा किंवा लिपीचा काहीही दोष नाही.

याच ठिकाणी ‘धूसर फोटो स्पष्ट करून मिळेल’ अशा जाहिराती करणाऱ्या अ‍ॅपांविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. पाऊण पिक्सेलाची फट एकदा सरासरीत मिसळली, की ती तेथे होती की नव्हती ही माहितीच चित्रात उरत नाही. त्यानंतर कोणतेही अ‍ॅप अक्षर ठळक करून देईल, पण ते अक्षर भ असेल की म, हा केवळ अंदाज असेल. भरतीच्या वेळेसाठी असा अंदाज धोक्याचा आहे, कारण चुकीचा आकडाही अगदी सुबक दिसेल.

उपाय वर्डमध्येच सुरू होतो. ए-४ पान ६-७ सेंटिमीटर रुंदीच्या फोनवर दाखवले, की १२ पॉइंटाचे अक्षर जेमतेम ४ पॉइंटाचे दिसते; ते कितीही रेखीव असले तरी वाचता येत नाही. म्हणून फाइलची एक प्रत करून तिचे पानच अरुंद करावे. मी रुंदी १० सेंटिमीटर, उंची ५५.८७ सेंटिमीटर आणि चारही समास ०.६ सेंटिमीटर ठेवतो. उंचीचा हा विचित्र आकडा म्हणजे वर्डची कमाल मर्यादा, २२ इंच. मजकूर १६ पॉइंटाचा करावा आणि पृष्ठक्रमांक काढून टाकावेत. तक्ता पानाबाहेर जातो, त्यासाठी तक्त्यावर क्लिक करून `AutoFit Window` निवडावे. मग वर्डमधूनच पीडीएफ करावी. ती दुसऱ्या संगणकावर केली आणि तेथे आपला फॉन्ट नसला, तर अक्षरांची वळणे बदलतात. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांचा मजकूर तर रोमन अक्षरांची खिचडी होऊन समोर येतो.

पुढचे काम पॉपलर आणि इमेजमॅजिक ही दोन मोफत साधने करतात. पीडीएफला `bharti.pdf` नाव देऊन ती ज्या फोल्डरमध्ये आहे तेथे टर्मिनल उघडावे आणि या आज्ञा द्याव्यात.

```
pdffonts bharti.pdf
pdftoppm -png -gray -scale-to-x 1080 -scale-to-y -1 bharti.pdf pan
magick pan-*.png -append -trim +repage -bordercolor white -border 65 -colors 16 bharti.png
```

पहिली आज्ञा फॉन्टांची यादी देते. तिच्यात `emb` या स्तंभाखाली सर्वत्र `yes` असले, म्हणजे फॉन्ट पीडीएफमध्येच सामावलेले आहेत. दुसरी आज्ञा प्रत्येक पानाचे नेमके १०८० पिक्सेल रुंदीचे चित्र काढते. तिसरी आज्ञा ती चित्रे एकाखाली एक जोडते, शेवटची कोरी जागा कापते, समास परत देते आणि राखाडीच्या १६ छटा ठेवते. अक्षरांच्या कडा मऊ दिसायला तेवढ्या पुरतात. आता एका पॉइंटाला ३.८ पिक्सेल मिळतात. अक्षर ६१ पिक्सेलांचे, शिरोरेषा जवळजवळ चार पिक्सेलांची आणि भ मधील फट सहा पिक्सेलांची होते. सरासरीने बुजण्यासारखे त्यात काही उरत नाही.

चित्र पीएनजीच ठेवावे. जेपीईजी पद्धत चित्राचे ८×८ पिक्सेलांचे तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्यातील बारीक, झपाट्याने बदलणारा तपशील कमी अचूकतेने साठवते. फोटोतील आकाशाला त्याने फरक पडत नाही, पण पांढऱ्यावरच्या काळ्या रेषेभोवती मात्र फिकट ठिपक्यांची धूळ जमते. पीएनजीमध्ये एकही पिक्सेल बदलत नाही आणि मोठे कोरे भाग असलेला मजकूर तिच्यात फार थोड्या जागेत मावतो.

एवढे सगळे करून चित्र ‘फोटो’ म्हणून पाठवले, तर मात्र सर्व श्रम वाया जातात. आमचे अरुंद चित्र सुमारे १०,००० पिक्सेल उंच झाले. ते १६०० वर आकसले असते, तर रुंदी १७३ पिक्सेल राहिली असती, म्हणजे पहिल्या चित्रापेक्षाही कमी. म्हणून ते जोडणीच्या चिन्हातून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. त्या वाटेने फाइल जशीच्या तशी जाते. पोहोचल्यावर समोरच्या फोनवर चित्राचा तपशील उघडून रुंदी पाहावी. ती १०८० च्या आसपास असेल, तर काम झाले. फारच कमी असेल, तर ते कोणीतरी फोटो म्हणून पुढे पाठवलेले आहे.

एक मर्यादा मात्र राहते. काही फोनांची चित्र दाखवणारी यंत्रणा एका वेळी ४०९६ किंवा ८१९२ पिक्सेलांपर्यंतचेच चित्र हाताळते. त्याहून उंच चित्र काही अ‍ॅपे तुकड्यातुकड्याने नीट दाखवतात, तर काही आधी आकसूनच दाखवतात. अशा फोनवर चित्राची नोंदलेली रुंदी १०८० असूनही, मोठे करून पाहिले तरी अक्षरे धूसरच राहतात. आमच्या गावात असे दोन-तीन जुने फोन निघाले. म्हणून गेल्या हंगामापासून मी तक्ता पंधरा तारखेखाली तोडून ५००० पिक्सेलांच्या आसपासची दोन चित्रे करतो, आणि ज्यांच्याकडे तीही धूसर दिसतात त्यांना तीच अरुंद पीडीएफ देतो. पीडीएफमध्ये अक्षरे पिक्सेलांऐवजी रेषांच्या सूत्रांनी साठवलेली असल्यामुळे ती कितीही मोठी केली तरी भ मधील फट उघडीच राहते.