कॅन्टीनच्या कार्डातले पैसे नेमके कुठे असतात?

पैसे भरलेले कार्ड ही कल्पना कॅन्टीनपेक्षा बरीच जुनी आहे. फ्रान्समध्ये रोलाँ मोरेनो यांनी 1974 मध्ये चिप असलेल्या कार्डाचे पेटंट घेतले आणि 1980 च्या दशकात तिथे चिपची टेलिफोन कार्डे आली. मात्र त्यांतली एककं फक्त खर्च होत; ती संपली की कार्ड फेकून द्यायचे. कार्डात पुन्हा पैसे भरायचे, तर ते भरण्याचा अधिकार कोणाकडे असावा, हा प्रश्न आधी सोडवणे भाग होते.

1994 मध्ये बाजारात आलेल्या ‘मायफेअर क्लासिक’ या बिनस्पर्शी कार्डाने त्याचे सोपे उत्तर दिले. त्यातील स्मृतीच्या प्रत्येक कप्प्याला दोन किल्ल्या असतात आणि मांडणी अशी करता येते, की पहिल्या किल्लीने शिल्लक फक्त कमी व्हावी, वाढवायला मात्र दुसरीच लागावी. कॅन्टीनच्या खिडकीतल्या यंत्राला पहिली द्यायची, पैसे भरण्याच्या काउंटरला दुसरी. गल्ल्यावरचे यंत्र चोरीला गेले, तरी त्यातल्या किल्लीने कोणाची शिल्लक फुगवता येत नाही.

रक्कम पैशांत नोंदवली असे धरले, तर 240 रुपये शिल्लक, म्हणजे 24,000 पैसे, कार्डाच्या 4 क्रमांकाच्या खान्यात षोडशमान पद्धतीत, कनिष्ठ बाइट आधी, असे दिसतात:

```
C0 5D 00 00 3F A2 FF FF C0 5D 00 00 04 FB 04 FB
```

एकच आकडा तीनदा लिहिलेला आहे, मधल्याचा प्रत्येक बिट उलटा करून. शेवटी खान्याचा क्रमांक आहे. तिन्ही प्रती जुळल्या नाहीत, तर कार्ड व्यवहारच नाकारते. साठ रुपयांची मिसळ घेतली, की वजाबाकी आधी चिपच्या तात्पुरत्या जागेत होते आणि मग वेगळ्या आज्ञेने खान्यात उतरते. त्याआधीच कार्ड उचलले, तर 240 कायम राहतात. ती उतरल्यावर, पण यंत्राला पोच मिळण्याआधी उचलले, तर 180 उरतात आणि पावती निघत नाही. काउंटरवरचे बरेच वाद या क्षणभरातले असतात.

डिसेंबर 2007 मध्ये बर्लिनच्या परिषदेत या कार्डाचे गुप्त अल्गोरिदम बऱ्याच अंशी उघड झाले आणि 2008 मध्ये नेदरलँड्समधील नाइमेखन येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी ते पूर्ण फोडून दाखवले. 48 बिटांची किल्ली हाती आली, की शिल्लक घरबसल्या वाढवता येते, किंवा भरलेल्या कार्डाची नक्कल ठेवून जेवणानंतर जुनी शिल्लक परत लिहिता येते.

त्यानंतर, आणि जागोजागी इंटरनेट पोहोचल्यामुळेही, अनेक ठिकाणी शिल्लक सर्व्हरवर गेली. कार्डात उरला तो विद्यार्थ्याचा क्रमांक. पालकांनी यूपीआयने भरलेले पैसे अशा व्यवस्थेत लगेच वापरता येतात. जिथे शिल्लक अजून कार्डातच आहे, तिथे मात्र ऑनलाइन भरलेली रक्कम कार्ड एखाद्या यंत्रावर टेकवेपर्यंत वाट पाहत पडून राहते. सर्व्हरवाल्या कार्डाचा दुसरा फायदा असा, की ते हरवले तर बंद करून शिल्लक नव्या कार्डाला जोडता येते. पण यंत्र नुसता क्रमांक वाचत असेल, तर त्या क्रमांकाची नक्कल करून दुसऱ्याच्या खात्यावर जेवता येते, आणि जाळे बंद पडले की खिडकीवर पुन्हा उधारीची वही निघते.