जांभूळ बी पावडर आणि शुगरच्या गोळ्या

जांभूळ बी पावडर म्हणजे जांभळाच्या (सिझिजियम क्युमिनी) बिया धुऊन, सावलीत कडक वाळवून, वरचं पातळ साल काढून आतल्या गराची केलेली भुकटी. चव तुरट, किंचित कडवट. आयुर्वेदात ही जुनी वस्तू आहे आणि आज टाइप २ डायबेटिस असलेले खूप लोक ती डॉक्टरांच्या गोळ्यांसोबत घेतात, बऱ्याचदा डॉक्टरांना न सांगता. या नोंदीत मुख्यतः या सोबत घेण्याबद्दलच लिहिलंय, कारण नुसत्या पावडरने शुगर धोकादायक खाली जाणं सहसा होत नाही, पण काही ठराविक गोळ्यांवर ती घेतली की गणित बदलतं.

आधी डोस. भारताच्या आयुर्वेदिक फार्माकोपियात जांभूळ बीजाच्या चूर्णाची मात्रा ३ ते ६ ग्रॅम दिलीय, आणि हा आकडा व्यवहारात धरून चालायला ठीक आहे. अडचण चमच्याची आहे. चहाचा सपाट चमचा भरला तर साधारण २ ते ३ ग्रॅम पावडर बसते, पण पोहे खायच्या चमच्यात शिगोशीग भरली तर सहज ७-८ ग्रॅम, म्हणजे "एक चमचा सकाळ-संध्याकाळ" असं कोणी सांगितलं तर एक माणूस दिवसाला ५ ग्रॅम घेतो आणि दुसरा १५, आणि दोघांनाही वाटतं आपण सेमच डोस घेतोय. म्हणून छोट्या वजनकाट्यावर एकदा तरी आपला चमचा मोजून घ्यावा. सुरुवात सकाळच्या जेवणाआधी अर्धा सपाट चहाचा चमचा पाण्यातून, आठवडाभर तसंच ठेवायचं, मग हवं तर सकाळ-संध्याकाळ एकेक. त्याच्यावर जाऊन जास्त फायदा होईल असं समजायला काही आधार नाही, उलट बियांमधल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे पोट घट्ट होतं, आणि लोहाची गोळी चालू असेल तर ती नीट शोषली जात नाही, त्यामुळे दोन्हीत दोनेक तासांचं अंतर असावं.

आता फायदा किती? प्रयोगशाळेत बियांचा अर्क स्टार्चची साखर करणाऱ्या एन्झाइमना अडवतो हे दिसलंय, उंदरांमध्येही शुगर उतरलेली दिसलीय. माणसांवरच्या चाचण्या मात्र थोड्या आणि लहान आहेत, त्यात उपाशीपोटीच्या शुगरमध्ये माफक घट दिसते, तीही काही आठवड्यांनी. म्हणजे २५० ची शुगर या पावडरने नॉर्मलला येईल ही अपेक्षा चुकीची आहे, आणि त्या आशेवर गोळी बंद करणं तर फारच वाईट, शुगर महिनोन्‌महिने वर राहते आणि डोळे, किडनी, पाय गुपचूप खराब होत जातात. परिणाम बघायचा असेल तर तीन महिन्यांनी एचबीएवनसी ही गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी करावी, रोजच्या एका रीडिंगवरून काही ठरवू नये.

लो शुगरचा प्रश्न कुठली गोळी चालू आहे त्यावर ठरतो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, ग्लायबेनक्लामाइड या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, शुगर आधीच कमी असली तरी लावतात, इथेच सगळा धोका आहे. इन्सुलिनचं इंजेक्शन घेणाऱ्यांनाही तेच लागू. नुसतं मेटफॉर्मिन, सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन किंवा डापाग्लिफ्लोझिन असेल तर लो होण्याची शक्यता बरीच कमी. बऱ्याच जणांना वाटतं आपण "फक्त मेटफॉर्मिन"वर आहोत पण एकाच गोळीत ग्लिमेपिराइडही असतं, त्यामुळे पाकिटावरचं मोठं नाव न बघता खालच्या बारीक अक्षरातली घटकांची नावं वाचायची.

एक उदाहरण घेऊ. समजा ५८ वर्षांच्या बाई आहेत, ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम सकाळी आणि मेटफॉर्मिन दोन वेळा, उपाशीपोटी शुगर १३० च्या आसपास, एचबीएवनसी ७.२. म्हणजे कंट्रोल वाईट नाहीच. त्या पावडर सुरू करतात, रोज ६ ग्रॅम, आणि आता मनावर घेतलंच आहे म्हणून भातही निम्मा करतात आणि संध्याकाळी चालायला लागतात. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी चालून आल्यावर घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, विनाकारण चिडचिड होते. मीटर ६१ दाखवतो. ७० च्या खाली म्हणजे लो, ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. इथे दोष एकट्या पावडरचा नाही: पावडरीची थोडी घट, कमी भाताची घट आणि चालण्याची घट अशा तिन्ही एकावर एक पडल्या आणि गोळीचा डोस मात्र जुन्या खाण्यापिण्याला धरून ठरवलेला तसाच राहिला. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मीटरवर रोज उपाशीपोटी आणि संध्याकाळच्या जेवणाआधी तपासलं असतं तर १३० चे ११०, मग ९० असे आकडे उतरताना आधीच दिसले असते, आणि डॉक्टरांना दाखवून ग्लिमेपिराइड २ चं १ करता आलं असतं. कमी करायची ती गोळी ही, मेटफॉर्मिन सहसा नाही, आणि कमी डॉक्टरांनीच करायची.

त्या क्षणी काय करायचं: १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे, अर्ध्या ग्लास पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, १५ मिनिटांनी परत तपासायचं, अजून ७० च्या खाली असेल तर परत तेवढंच. वर आली की पोळी, दूध असं काही खायचं. चॉकलेट किंवा मिठाई नको, त्यातल्या फॅटमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. आणि ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते: गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साधी साखर पोटात लवकर फुटतच नाही, तिथे ग्लुकोज पावडरच लागते, ती घरात आणि पिशवीत असायलाच हवी. माणूस बेशुद्ध किंवा गिळता येत नसेल असा असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट हॉस्पिटल.

शुगर एकदा वर आली म्हणजे सुटलो असं या गोळ्यांच्या बाबतीत नसतं. त्यांचा असर दिवसभर, कधी त्याहून जास्त टिकतो, वय जास्त असेल किंवा किडनी अशक्त असेल तर आणखी लांबतो, त्यामुळे रात्री परत उतरू शकते. झोपण्याआधी आणि पहाटे एकदा तपासावं, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. बीपीसाठी मेटोप्रोलोल, अटेनोलोल अशी बीटा ब्लॉकर गोळी असेल तर धडधड आणि थरथर कमी जाणवते किंवा जाणवतच नाही, घाम मात्र येतो, म्हणून अशांनी अचानक आलेला गार घाम हीच खूण समजून मीटर काढावा.

टाइप १ वाल्यांनी आणि गरोदर बायकांनी ही पावडर स्वतःहून घेऊ नये. ऑपरेशन ठरलं असेल तर दोन आठवडे आधी बंद करून डॉक्टरांना तसं सांगावं.

शेवटचा मुद्दा भेसळीचा. शुगरसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या "हर्बल" पावडरींमध्ये ग्लायबेनक्लामाइडसारखी गोळी कुटून मिसळलेली वेगवेगळ्या देशांत तपासणीत सापडलीय. खरी जांभूळ बी हळूहळू काम करते, त्यामुळे एखादं चूर्ण चिमूटभर घेऊन दोन दिवसांत शुगर ८०-१०० ने कोसळली तर खूश होऊ नका, ते लगेच थांबवा आणि डबा डॉक्टरांना दाखवा.