सहनशक्तीचा सराव आणि स्नायूंतील ऑक्सिजनचा वापर

सहनशक्तीचा सराव : धावणे, सायकल, पोहणे यांसारखा व्यायाम बराच वेळ, मध्यम वेगाने आणि आठवड्यांमागून आठवडे केला की राबणाऱ्या स्नायूंत दोन ठळक बदल होतात. स्नायुतंतूंमधील तंतुकणिका, म्हणजे मायटोकाँड्रिया, वाढतात आणि त्या तंतूंभोवतीचे केशवाहिन्यांचे जाळे दाट होते. केशवाहिन्यांतून ऑक्सिजन तंतूपर्यंत येतो आणि तंतुकणिकांमध्ये तो वापरला जाऊन एटीपी हे ऊर्जाद्रव्य तयार होते. मुंबईत जानेवारीतल्या मॅरेथॉनसाठी सप्टेंबरपासून शिवाजी पार्कला किंवा मरीन ड्राइव्हला पहाटे धावणाऱ्यांच्या पायांत घडते ते मुख्यतः हेच.

सरावाने ‘ऑक्सिजन जास्त वापरला जातो’ असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धवट आहे. साठ किलो वजनाच्या माणसाला सपाट रस्त्यावर ताशी आठ किलोमीटर वेगाने धावायला मिनिटाला साधारण १.८ लिटर ऑक्सिजन लागतो. तीन महिन्यांच्या सरावानंतर तोच माणूस त्याच वेगाने धावला तरी जवळजवळ तेवढाच लागतो. तरीही पूर्वी ज्या वेगाला धाप लागायची त्या वेगाला आता गप्पा मारता येतात. फरक पडतो तो तेवढा ऑक्सिजन वापरताना स्नायूच्या आत किती उलथापालथ होते यात.

स्नायू आकुंचन पावताना एटीपी खर्च होऊन एडीपी उरते. एडीपी साचले की तंतुकणिकांना जोर चढतो आणि त्या ऑक्सिजन भराभर वापरू लागतात. पण तेच साचलेले एडीपी आणि त्याच्यासोबतचे फॉस्फेट दुसऱ्या एका प्रक्रियेलाही चेतवते. ऑक्सिजनशिवाय साखर फोडण्याचा वेग वाढतो, लॅक्टेट तयार होते आणि स्नायूतला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा झपाट्याने संपतो. आता हिशोब पाहू. एका तंतूत तंतुकणिकांचे १०० एकक आहेत आणि ठरलेल्या वेगासाठी प्रत्येकाला आपल्या क्षमतेच्या ६० टक्के राबावे लागते, असे समजा. सरावाने एकके १५० झाली तर तेच काम प्रत्येक एकक ४० टक्क्यांवर उरकते. ऑक्सिजन तेवढाच लागला, पण तंतुकणिकांना ४० टक्क्यांपर्यंत नेण्यासाठी एडीपी कमी साचावे लागते. साहजिकच साखर कमी फुटते, लॅक्टेट कमी होते आणि उरलेली गरज चरबीतून भागते. पेडर रोडची चढण मॅरेथॉनच्या परतीच्या टप्प्यात येते. तिथे कोण पळतो आणि कोण चालू लागतो हे बऱ्याच अंशी तोवर किती ग्लायकोजेन शिल्लक आहे त्यावर ठरते.

तंतुकणिका वाढतात याचा पक्का पुरावा १९६७ साली मिळाला. अमेरिकेत सेंट लुइस येथील जॉन होलोशी यांनी उंदरांना बारा आठवडे ट्रेडमिलवर पळवले. सुरुवात थोड्या वेळाने केली आणि शेवटी रोज दोन तासांपर्यंत नेले. या उंदरांच्या पायांच्या स्नायूंची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता न पळवलेल्या उंदरांच्या सुमारे दुप्पट झाली. माणसावर असे पाहायचे तर मांडीतून सुईने स्नायूचा कणभर तुकडा काढावा लागतो. स्वीडनच्या योनास बर्गस्ट्रॉम यांनी १९६२ मध्ये ही सुई रुळवली आणि पुढच्या दोन दशकांत स्कँडिनेव्हियातल्या प्रयोगशाळांनी या विषयाचा पाया घातला. त्यांतला बेंग्ट साल्टीन व सहकाऱ्यांचा १९७६ चा प्रयोग फार सुंदर आहे. त्यांनी एकाच पायाला सायकलचा सराव दिला. महिन्याभराने तंतुकणिकांची विकरे, म्हणजे एन्झाइम, वाढली ती फक्त सराव झालेल्या पायात. दोन्ही पायांनी सायकल चालवायला लावली तेव्हा लॅक्टेट बाहेर पडत होते ते मुख्यतः सराव नसलेल्या पायातून. हृदय एक, रक्त एक, तरी दोन पायांची तऱ्हा वेगळी. म्हणजे हा बदल जो स्नायू राबतो त्याच्यातच होतो. म्हणूनच नुसत्या पोहण्याने धावण्याची तयारी पूर्ण होत नाही.

केशवाहिन्यांचे काम समजायला कोपेनहेगनच्या ऑगस्ट क्रोग यांच्याकडे जावे लागते. केशवाहिन्यांवरील संशोधनासाठी त्यांना १९२० चे नोबेल मिळाले. प्रत्येक केशवाहिनी आपल्याभोवतीच्या एका दंडगोलाएवढ्या स्नायूला ऑक्सिजन पुरवते, असे त्यांनी गणिताने मांडले. ऑक्सिजन हे अंतर फक्त विसरणाने, म्हणजे आपोआप पसरत, कापतो, त्याला ढकलणारे कोणी नसते. जोराच्या व्यायामात तंतूच्या आत ऑक्सिजनचा दाब इतका खाली येतो की वाट थोडी जरी लांबली तरी फरक पडतो. जाळे दाट झाले की ही वाट आखूड होते. दुसरा फायदा मला याहून महत्त्वाचा वाटतो, आणि त्याकडे सहसा दुर्लक्ष होते. स्नायूला येणारे रक्त तेवढेच राहून वाहिन्यांची एकूण जागा २० टक्के वाढली, तर प्रत्येक लाल पेशीला तिथून जायला २० टक्के जास्त वेळ मिळतो. ती घाईने निघून जात नाही, आपल्याजवळचा ऑक्सिजन उतरवूनच पुढे जाते. हा २० टक्के आकडा कल्पनेतला नाही. पेर अँडरसन आणि यान हेन्रिक्सन यांनी १९७७ मध्ये माणसांकडून आठ आठवडे, आठवड्यातून चार दिवस, रोज चाळीस मिनिटे जोरात सायकल चालवून घेतली, तेव्हा मांडीच्या स्नायूतील केशवाहिन्यांची घनता एवढीच वाढली होती.

हे बदल घडवणारे संकेत व्यायामातच निर्माण होतात. एटीपीची ओढाताण आणि आकुंचनासाठी सुटणारे कॅल्शियम यांमुळे पेशीतले पीजीसी-१ अल्फा हे प्रथिन कामाला लागते. ते १९९८ मध्ये सापडले. तंतुकणिका बांधणाऱ्या अनेक जनुकांना ते एकदम जागे करते. केशवाहिन्यांसाठी व्हीईजीएफ नावाचा वाढीचा घटक आणि वाहत्या रक्ताचे भिंतीवर होणारे घर्षण ही दोन मोठी कारणे आहेत. एका धावेचा परिणाम छोटा असतो आणि तो काही दिवसांत ओसरतो. पुढची धाव त्याआधी आली तरच बेरीज होत जाते.

आता मुंबईतला नमुना घेऊ. साठ किलोचे एक गृहस्थ सप्टेंबरात ताशी आठ किलोमीटर वेगाने शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती धावू लागतात. नाडी १६५, हृदयाच्या एका ठोक्याला सुमारे ९१ मिलिलिटर रक्त, म्हणजे मिनिटाला १५ लिटर. प्रत्येक लिटरमधून १२० मिलिलिटर ऑक्सिजन काढून घेतला तर १.८ लिटरची गरज भागते. जानेवारीत त्याच वेगाला नाडी १५०, ठोक्याला १०० मिलिलिटर; रक्त पुन्हा १५ लिटर आणि ऑक्सिजन तेवढाच. घड्याळात दिसणारी पंधरा ठोक्यांची घट ही मुख्यतः हृदयाची आणि वाढलेल्या रक्ताची करामत आहे. स्नायूतला बदल तिच्यात थेट दिसत नाही. तो दिसतो लॅक्टेटमध्ये, श्वासात आणि दीड तासानंतर पाय किती जड झाले यात. घड्याळातल्या नाडीकडे पाहून ‘मायटोकाँड्रिया वाढले’ असे कोणी सांगितले तर ते जरा जपून घ्यावे.

शिवाय मुंबईची हवा हा हिशोब बिघडवते. दमट उकाड्यात शरीर गार ठेवायला रक्त त्वचेकडे वळते, घामाने रक्ताचे पाणी घटते आणि त्याच वेगाला नाडी सहज दहा-पंधरा ठोक्यांनी चढते. ऑक्टोबरच्या उकाड्यातली नाडी आणि जानेवारीच्या पहाटेची नाडी यांच्यातल्या फरकाचा मोठा भाग हवेचा असू शकतो. वरच्या उदाहरणातील पंधरा ठोके सगळे सरावाचे मानायचे तर दोन्ही मोजण्या सारख्याच हवेत झालेल्या हव्यात. म्हणून तुलना करायची ती त्याच वाटेवर, त्याच वेळी आणि शक्यतो एकाच ऋतूत. घरात पंख्याखाली स्थिर सायकलवर मोजले तर उत्तम.

सराव करूनही प्रगती अडते याची दोन कारणे मला जास्त आढळणारी वाटतात. पहिले, रोजच मध्यम-जोरात धावणे. हा वेग इतका जड असतो की तासाभराच्या वर टिकत नाही आणि दुसऱ्या दिवशी पाय तयार नसतात. आठवड्यातली बहुतेक धाव पूर्ण वाक्य बोलता येईल अशा वेगाची असावी, म्हणजे एकूण वेळ वाढवता येतो. मात्र सगळे हळूच धावले तर जलद स्नायुतंतूंना कामच मिळत नाही, कारण शरीर त्यांना जोर लागला किंवा मंद तंतू थकले तरच बोलावते. म्हणून आठवड्यातून एखादा दिवस चढणीचा किंवा काही मिनिटांच्या जलद तुकड्यांचा लागतो. रविवारच्या लांब धावेच्या शेवटच्या टप्प्यातही हे तंतू कामाला लागतात.

दुसरे कारण रक्तात असते. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहते. हिमोग्लोबिन १४ असेल तर लिटरभर रक्तात सुमारे १८८ मिलिलिटर ऑक्सिजन मावतो, १० असेल तर फक्त १३४. वरच्या उदाहरणातले १२० त्यातून काढणे जवळजवळ अशक्य आहे, मग हृदयाला धावावे लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयग्रस्त आढळल्या. जिना चढताना धाप, सराव वाढवूनही उतरत न जाणारी नाडी आणि पूर्ण झोपेनंतरही थकवा असेल, तर प्रशिक्षण बदलण्याआधी रक्त तपासून घ्यावे. तंतुकणिका कितीही वाढल्या तरी न आलेला ऑक्सिजन त्या वापरू शकत नाहीत.

मर्यादेचा प्रश्न इथेच येतो. पूर्ण जोर लावल्यावर शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन घेते हे बहुतेकांत स्नायू ठरवत नाही, हृदय ठरवते. अँडरसन आणि साल्टीन यांनी १९८५ मध्ये फक्त एका मांडीचा पुढचा स्नायू राबवून पाहिला. एकट्याने काम करताना तो इतके रक्त ओढतो की सगळे शरीर त्याच दराने ओढू लागले तर हृदय पुरे पडणार नाही. म्हणजे तंतुकणिकांची वाढ कमाल आकडा थोडाच वाढवते. तिचा खरा उपयोग कमाल क्षमतेच्या खालच्या वेगांना होतो, आणि मॅरेथॉन त्याच वेगांनी धावली जाते.

सराव थांबला की हे दोन बदल सारख्या गतीने उतरत नाहीत. हेन्रिक्सन आणि राइटमन यांनी १९७७ मध्ये पाहिले की सहा आठवड्यांच्या विश्रांतीत तंतुकणिकांची विकरे सरावापूर्वीच्या पातळीवर परत आली, तर कमाल ऑक्सिजन-क्षमता मात्र बरीचशी टिकून होती. एडवर्ड कॉइल यांनी १९८४ मध्ये वर्षानुवर्षे सराव केलेल्यांना ८४ दिवस व्यायामाविना ठेवले. त्यांच्या केशवाहिन्या जवळपास होत्या तेवढ्याच राहिल्या आणि विकरे घटूनही बैठ्या माणसांपेक्षा वरच होती. म्हणून जुलै-ऑगस्टच्या पावसात धावणे सोडणाऱ्या जुन्या धावकाला सप्टेंबरात पहिले दोन-तीन आठवडे पाय ओढावे लागतात, पण तो नवख्यापेक्षा लवकर रुळतो. पहिल्याच वर्षी सराव मोडणाऱ्याला ही सवलत फारशी मिळत नाही.